80 नंबरचं शटर

"हे तुम्ही नोटमधी लिहून द्यायचं होतं ना जी."

काल भर दुपारी, बाहेर 45 डिग्री, नागपूरच्या गांधीबागेतल्या कूलरच्या दुकानात हे वाक्य मला ऐकवण्यात आलं. ऐकवणाऱ्याच्या डोक्यामागे माझी ती नोट टांगलेली होती. अख्खी, पानन् पान लॅमिनेट करून, सुतळीने डेमो कूलरला बांधलेली. कूलर चालू असल्याने ती फडफडत होती आणि फडफडता फडफडता दर दोन मिनिटांनी पाचवं पान वर येत होतं, ज्यावर मी जाड अक्षरात लिहिलंय, "पोर्ट 80 कधीही बंद करू नये."

तर प्रकरण थोडक्यात असं. क्लायंट भाड्याने कूलर देतो. त्याच्यासाठी मी अ‍ॅप बनवलं, गिऱ्हाईकाने बुकिंग करायचं, पोरांनी कूलर पोहोचवायचा, पंप बिघडला की तक्रार टाकायची. सीझनच्या आधी काम संपलं आणि मी रीतसर हँडओव्हर नोट दिली. सर्व्हर कुठे आहे, नवीन कोड कसा चढवायचा, रात्री डेटाबेसचा बॅकअप कुठे पडतो, काय अडलं तर कोणता लॉग बघायचा. होस्टिंगचं खातं क्लायंटच्याच नावावर ठेवलं, कारण उद्या मी नसलो तर त्याचा धंदा माझ्या ईमेलमध्ये अडकून पडू नये. आता वाटतं की तेवढं सज्जन असायची गरज नव्हती.

क्लायंटभाऊ नोट घेऊन म्हणाले, "काकाजी वाचतीन, त्याइले लय आवड हाय."

काकाजी म्हणजे भाऊंचे काका. रिटायर माणूस, नोकरीभर फाइली तपासल्या, आता तपासायला काही उरलं नाही म्हणून काउंटरवर बसतात. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि माझी नोट ऑडिटला घेतली.

"हे रूट कोन?"

"रूट म्हणजे सर्व्हरचा मुख्य युजर, काकाजी. त्याला सगळे अधिकार असतात."

"सगळे? भाऊपेक्षा जास्त?"

"सर्व्हरवर, हो."

"मंग त्याची सही कुठी हाय?"

असं पहिलं पान. मधली पानं सोडून देतो, कारण त्यात बॅकअप "रोज कायले, महिन्यातून एकदा पुरे" वगैरे चर्चा झाली आणि मला ती आठवली की ॲसिडिटी होते. मग आलं पाचवं पान, त्यावर वाक्य होतं, "फायरवॉलमध्ये पोर्ट 22, 80 आणि 443 उघडे आहेत."

काकाजींनी पेन खाली ठेवलं. "उघडे? कायले उघडे?"

मी समजावलं की पोर्ट म्हणजे सर्व्हरची दारं आणि फायरवॉल म्हणजे त्यावरचा राखणदार, 22 वरून मी सर्व्हरमध्ये जातो, 443 वरून अ‍ॅप चालतं, तेच सुरक्षित वालं, आणि 80 हे जुनं साधं एचटीटीपी. काकाजींनी ऐकून घेतलं आणि दुकानाकडे हात केला. दुकानाला तीन शटर आहेत. मागचं मालासाठी, पुढचं मोठं गिऱ्हाइकांसाठी आणि बाजूचं एक छोटं, ते कायम बंद. "ते कायले बंद हाय सांगा बरं? वापर नाई, तर उघडं ठेवून काय चोराले चहा पाजायचा?" मी म्हटलं की काकाजी, 80 चा वापर आहे, खाली लिहिलंय बघा, सर्टिफिकेटसाठी. ते "हाव हाव" म्हणाले. नागपुरात "हाव हाव" याचा अर्थ तुमचं बोलणं संपलं असा होतो, हे मी इथेच जन्मून विसरलो.

आता हे सर्टिफिकेट काय ते सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरच आहे. ब्राउझरला किंवा अ‍ॅपला हा सर्व्हर खरंच त्याच डोमेनचा आहे हे पटवायला सर्टिफिकेट लागतं. ते लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट देते, पण ते 90 दिवस चालतं. मुदत संपत आली की सर्व्हरवरचा सर्टबॉट नावाचा प्रोग्राम आपोआप नवीन आणतो. तो दिवसातून दोनदा उठून बघतो आणि 30 दिवस उरले की नूतनीकरणाच्या मागे लागतो. नवीन देण्याआधी लेट्स एन्क्रिप्टवाले खात्री करतात. सर्टबॉट सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवतो आणि त्यांची मशीन बाहेरून येऊन ती वाचते. येते कुठून? पोर्ट 80 वरूनच. ही पद्धत 80 शिवाय चालतच नाही.

दुसरी पद्धत आहे, डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या पत्त्याच्या वहीत, नोंद टाकून, त्यात 80 लागत नाही. पण डोमेन भाऊंच्या एका नातेवाइकाने घेऊन दिलंय, तो आता पुण्याला असतो आणि फोन उचलत नाही. पुण्याबद्दल मी काही बोलत नाही.

तर सर्टिफिकेट मिळालं 12 फेब्रुवारीला. मार्चच्या शेवटी काकाजींनी दुकानातल्या पोराला होस्टिंगच्या पॅनलमध्ये लॉगिन करायला लावून 80 नंबर बंद केला. 443 वाचला कारण "मोठा आकडा हाय, कामाचा असन", आणि 22 माझ्यावर उपकार म्हणून. मला कळवलं नाही. आणि यातली खरी गंमत अशी की काहीही झालं नाही! अ‍ॅप 443 वर चालतं, वेबसाइटही आजकाल ब्राउझर आधी 443 वरच शोधतो, त्यामुळे कोणालाच फरक जाणवला नाही. काकाजी महिनाभर गल्लीत सांगत फिरले की इंजिनिअरनं दार उघडं टाकलं होतं, मी लावलं.

तिकडे एप्रिलच्या मध्यापासून सर्टबॉट बिचारा दिवसातून दोनदा प्रयत्न करतोय, दोनदा नापास होतोय आणि लॉगमध्ये लिहून ठेवतोय. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायची, ती सोय त्यांनी जून 2025 मध्ये बंद केली. म्हणून तर मी नोटमध्ये लिहिलं होतं की दर महिन्याच्या 1 तारखेला ही एक ओळ चालवा, नूतनीकरण होणार की नाही ते खरं सर्टिफिकेट न घेता कळतं:

```
sudo certbot renew --dry-run
```

त्या ओळीखाली लाल पेनाने लिहिलंय, "पाहिले." म्हणजे वाचली. चालवली नाही.

13 मे ला सर्टिफिकेट संपलं. ऐन सीझन, लग्नसराई, आणि अ‍ॅप बंद. आता अ‍ॅप काय दाखवतं? "काहीतरी अडचण आहे, इंटरनेट तपासा." कारण भाऊंचाच आग्रह होता की गिऱ्हाइकाला इंग्रजी एरर दाखवू नका, सगळ्याला एकच गोड मेसेज ठेवा. मग झालं असं की डिलिव्हरीच्या पोरांनी फोन बंद-चालू केले, एकाने सिम बदललं, दोघांनी डेटा पॅक मारले आणि ते पैसे भाऊंकडे मागितले. भाऊंनी ते माझ्या बिलातून कापायचं ठरवलं.

आणि तेवढ्यात काकाजींना तोडगा सापडला. कोण्यातरी गिऱ्हाइकाच्या पोराने सांगितलं की फोनची तारीख मागे करा. केली, 10 मे. आणि अ‍ॅप चालू! चालणारच, कारण सर्टिफिकेट संपलं की नाही हे फोन स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो, तुम्ही त्याला 10 तारीख सांगितली तर त्याच्या लेखी सर्टिफिकेटचे तीन दिवस बाकी आहेत. काकाजींनी फर्मान काढलं, सगळ्यांनी तारीख मागे करा, गिऱ्हाइकाचा फोन आला तर त्यालाही तेच सांगा. पण बुकिंगमधला "आज" आणि "उद्या" फोनच्याच कॅलेंडरवरून येतो. लोकांनी उद्यासाठी कूलर बुक केले आणि यादीत आले 11 मे चे. म्हणजे दोन दिवसांपूर्वीचे. आणि सर्व्हरने मागच्या तारखेचे बुकिंग म्हणून ते सरळ "उशीर झाला"मध्ये टाकले. एका लग्नाच्या घरचे तर दुकानात येऊन उभे राहिले.

तेव्हा मला फोन. तोही असा, "तुमचं अ‍ॅप उशीर करून राहिलं."

मी लॉग उघडला तर शेवटी हे:

```
Timeout during connect (likely firewall problem)
```

हा शब्द महत्त्वाचा आहे, टाइमआउट. सर्व्हरवरचा वेबसाइट चालवणारा एनजिनएक्स बंद असता तर "connection refused" आलं असतं, म्हणजे दार वाजवलं आणि आतून कोणीतरी नाही म्हटलं. टाइमआउट म्हणजे उत्तरच नाही, मध्येच कोणीतरी गिळतंय. सर्व्हरच्या आतून पोर्ट 80 नीट उत्तर देत होता, बाहेरून माझ्या लॅपटॉपवरून नुसतं लटकत होता. म्हणजे होस्टिंगचीच फायरवॉल. 15 तारखेला पॅनल उघडलं, 80 चालू केला, आणि नुसतं `sudo certbot renew` चालवलं. एनजिनएक्स सर्टबॉटने स्वतःच रीलोड केला, कारण जुनं सर्टिफिकेट तो मेमरीत धरून बसतो आणि रीलोड केल्याशिवाय नवीन दाखवत नाही (हेही नोटमध्ये आहे, पान सहा). मग पोरांच्या फोनच्या तारखा परत पुढे केल्या. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

भाऊंनी म्हटलं दुकानात येऊन एकदा समजावून सांगा. म्हणून काल गेलो.

"कोन येते 80 नंबरहून?" काकाजी.

"लेट्स एन्क्रिप्टची मशीन."

"कुठून?"

"वेगवेगळ्या देशांतून, एकाच वेळी चार-पाच ठिकाणांहून तपासतात."

"मंग त्याइचे नंबर द्या, तेवढ्यालेच घुसू देऊ. बाकीच्याइले कायले?"

आणि इथे मला मनातून मान्य करावं लागलं की प्रश्न बरोबर आहे. हीच शंका भलेभले लोक काढतात. पण लेट्स एन्क्रिप्टवाले आपले आयपी पत्ते मुद्दाम जाहीर करत नाहीत आणि बदलतात, म्हणून यादी करताच येत नाही. हे सांगितलं तर काकाजी विजयी मुद्रेने भाऊंकडे वळले. "पाय! पत्ता सांगत नाई, टाइम सांगत नाई, फुकट काम करते. आन् मी दार लावलं तर मी बह्याड!"

"काकाजी, पण नोटमध्ये लिहिलं होतं बंद करू नका."

"कायले नाई करायचं ते कुठी लिहिलं?"

"खालच्या ओळीत."

कूलर फडफडला, पान वर आलं. खालची ओळ होती, पण लॅमिनेशनला भोक पाडून सुतळी ओवलीय ती नेमकी त्या ओळीतूनच. आणि मग आलं ते वाक्य, हे तुम्ही नोटमधी लिहून द्यायचं होतं ना जी.

भाऊ यात काही बोलले नाहीत. शेवटचा हप्ता बाकी आहे, तो विचारला तर म्हणाले सीझन संपू द्या, आता सगळा पैसा मालात गुंतला हाय. सीझन संपल्यावर विचारलं तर म्हणतील आता धंदा कुठी हाय. वर्षाच्या देखभालीचं बोललो तर, "आता तर दुरुस्त झालं ना? मंग कायची देखभाल?" आणि डेटा पॅकचे पैसे कापलेच.

काकाजींनी मात्र नवीन पान लिहून घेतलं, माझ्याच हाताने. "80 नंबरचे शटर काकाजींच्या लेखी परवानगीशिवाय उघडू अथवा बंद करू नये." खाली माझी सही, त्यांची सही, दुकानाचा शिक्का. नवीन सर्टिफिकेट 13 ऑगस्टपर्यंत आहे, म्हणजे सर्टबॉट परत दार वाजवेल जुलैच्या मध्यात. तेव्हा पाऊस लागलेला असेल, कूलर सगळे गोडाऊनमध्ये, अ‍ॅप कोणी उघडत नसेल आणि काकाजींना दिवसभर दुसरं काही काम नसेल. मी फोनमध्ये रिमाइंडर लावून ठेवलाय. त्याचे पैसे कोणी देणार नाहीये.