नानांचे आठ किलो

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी रामबागेच्या कोपऱ्यावरील पोह्यांच्या दुकानासमोरच्या ओटल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे जमलो होतो. सर्वांच्या पोहे-जिलेबीचे पैसे नानांनी आपण होऊन दिले, कारण श्रावणाच्या सुरुवातीला ८२ किलो असलेले त्यांचे वजन त्या दिवशी ७४ भरले होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी बारा आठवड्यांत आठ किलो उतरवणे सोपे नाही, आणि त्यामागचा निग्रह खरा होता. अप्पांनी त्यांची पाठ थोपटली. मी मात्र ते ओटल्यावरून उठताना पाहत होतो. पूर्वी सहज उभे राहणारे नाना आता उजवा हात गुडघ्यावर दाबून, कंबरेतून पुढे झुकून आणि एक झोका घेऊन उठत होते. त्यांची पँट पाठीमागे आणि मांड्यांवर सैल लोंबत होती, पण पोटावरचा पट्टा जेमतेम एक भोक आत गेलेला होता.

फिजिओथेरपिस्ट म्हणून मी अठ्ठावीस वर्षे लोकांना उठताना आणि बसताना पाहत आलो आहे, म्हणून न राहवून विचारले, "नाना, या आठ किलोंपैकी चरबी किती गेली आणि स्नायू किती गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

"वजन गेले म्हणजे चरबीच गेली," नाना म्हणाले. "काटा काय खोटे सांगतो?"

काटा खोटे सांगत नाही, हे मलाही मान्य होते. त्याच्यावर उभ्या असलेल्या सगळ्या शरीराचा एकत्रित भार तो दाखवतो, आणि त्यात हाडे, पाणी, आतड्यांतील अन्न, चरबी आणि स्नायू हे सर्व एकाच बेरजेत असतात. बेरीज आठाने कमी झाली एवढेच तो सांगतो. कोणत्या खात्यातून किती गेले, हे त्या आकड्यात नसतेच.

अप्पांना हे पटेना. ते हिशेबाचे माणूस, म्हणून त्यांनी अचूक प्रश्न विचारला. "खाते कोणतेही असो, कमी खाल्ले म्हणूनच वजन घटले ना? मग तेवढीच तूट चरबीतून भरली गेली असणार."

उत्तर इथेच दडलेले होते, आणि ते मी जरा सावकाश मांडले. शरीराला अन्नातून मिळणारी ऊर्जा कमी पडते, तेव्हा ते साठ्यातून भर काढते. एक किलो चरबीच्या ऊतीत बहुतांश शुद्ध मेदच असतो, त्यामुळे तिच्यातून सुमारे ७,७०० कॅलरी मिळतात. स्नायूत मात्र तीन चतुर्थांश पाणी असते आणि प्रथिने जेमतेम पंचमांश, म्हणून एक किलो स्नायू मोडला तर हाती येतात हजार-बाराशे कॅलरी. आता दररोज ५०० कॅलरींची तूट धरा. ती सगळी चरबीतून भरली, तर एक किलो घटायला पंधरा दिवस लागतील. सगळी स्नायूंतून भरली, तर तोच एक किलो दोन-अडीच दिवसांत घटेल. प्रत्यक्षात शरीर कधीच निव्वळ एकाच गोष्टीतून भर काढत नाही, दोन्ही मिसळूनच जातात. पण मिश्रणात स्नायूंचा वाटा जितका मोठा, तितका काटा झपाट्याने खाली येतो, आणि आपण समजतो की उपाय फार छान लागू पडला.

यावर अप्पा गप्प झाले आणि नाना थोडे अस्वस्थ. त्यांनी पहिल्या आठवड्याचा दाखला दिला. त्या सात दिवसांतच दोन किलो दोनशे ग्रॅम उतरले होते, आणि तेव्हा तर पायांत काहीच अशक्तपणा नव्हता. ती गोष्ट वेगळी आहे, असे मी म्हणालो, कारण त्यातले बहुतेक पाणी होते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात थोडी साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. भात-पोळी एकदम कमी केली की तो साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जाते. पुन्हा दोन दिवस नेहमीसारखे जेवले की तेच वजन परत येते. म्हणून नानांच्या आठ किलोंतले सुरुवातीचे दोन किलो बाजूला ठेवायला हवेत, आणि खरा प्रश्न उरलेल्या सहांचा आहे.

नाना काय खात होते, हे मी विचारून घेतले. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि पपई, दुपारी दोन फुलके आणि दुधी किंवा गिलक्याची भाजी, संध्याकाळी एक वाटी ताक, रात्री टोमॅटोचे सूप, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून आठ किलोमीटर चालणे. वरण त्यांनी 'जड पडते' म्हणून बंद केले होते. या सगळ्यात प्रथिने वीस ग्रॅमच्या फारशी पुढे जात नाहीत. देशाची वैद्यकीय संशोधन परिषद असलेल्या आयसीएमआरने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी सांगितलेले प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे नानांना निदान साठ ग्रॅम हवे होते, आणि कमी खाण्याच्या काळात व या वयात त्याहून थोडे अधिकच.

स्नायू ही एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. तो रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा नव्याने बांधला जातो. चरबीचा जसा कोठा असतो, तसा प्रथिनांचा वेगळा कोठा शरीरात नाही. ताटातून ती आली नाहीत, तर यकृताला, रक्ताला आणि रोगप्रतिकारक पेशींना लागणारे अमिनो आम्ल स्नायूंतूनच उचलले जाते. त्यात जो स्नायू जोर लावून वापरला जात नाही, त्याची पुनर्बांधणी आधी मंदावते. चालणे हृदयासाठी उत्तम आहे, पण सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या स्नायूला त्याच्या ताकदीचा थोडाच भाग लागतो, म्हणून आठ किलोमीटर चालूनही मांडी राखली गेली नाही.

"हे सगळे तुझे तर्क आहेत," अप्पा म्हणाले. "मोजून दाखव."

दुकानातले लाल प्लॅस्टिकचे स्टूल मी मागून घेतले. ते फार खुजे नव्हते, खुर्चीच्या उंचीचे होते. नानांना छातीवर हात दुमडून बसायला सांगितले आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसायला लावले. अप्पांनी मोबाइलवर वेळ धरली. तिसऱ्या वेळेपासून नाना झोका घेऊ लागले आणि पाचव्यांदा उभे राहिले तेव्हा सोळा सेकंद झाले होते. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने ठरवलेल्या निकषानुसार बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागणे हे क्षमता कमी असल्याचे लक्षण मानतात. गुडघा दुखत असेल तरीही वेळ वाढतो, म्हणून ही एकटी चाचणी निकाल देत नाही. पण नानांचे गुडघे दुखत नाहीत, आणि उन्हाळ्यात याच ओटल्यावरून ते विनासायास उठत होते.

दुसरी गोष्ट कमरेची. श्रावणात त्यांनी स्वतः फितीने मोजलेला घेर ९९ सेंटीमीटर होता, तो आता ९६ भरला. वजन एक किलो घटले की घेर साधारण एक सेंटीमीटर कमी होतो, असे मी रुग्णांमध्ये पाहत आलो आहे. चरबीचेच सहा किलो गेले असते तर तीनवर थांबणे विचित्र ठरले असते. मांड्या आणि नितंब सैल पडले आणि पोट मात्र फारसे हलले नाही, ही जोडी एकत्र दिसली की मला काळजी वाटते. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटरपुढे धोका धरतात. आठ किलो घटवूनही नाना त्या रेषेच्या पलीकडेच होते.

तेव्हा वहिनी बोलल्या. अप्पांच्या पत्नी दहा आठवड्यांपासून माझ्याकडे येतात, रबरी पट्ट्याने आणि पाण्याने भरलेल्या डब्यांनी व्यायाम करतात आणि जेवणात मूग, दही व पनीर नियमाने घेतात. त्यांचे वजन ६८ होते, ते ६७.५ वर आले आहे. घरच्यांनी, म्हणजे अप्पांनीच, हा सगळा उपद्व्याप व्यर्थ आहे असे ठरवून टाकले होते. पण त्यांची कंबर ९२ वरून ८८ झाली होती, आणि स्टुलावरून पाच वेळा उठायला त्यांना नऊ सेकंद लागले. चरबी गेली, तिच्या जागी थोडा स्नायू आणि त्यातले पाणी आले, आणि काट्यावर दोन्हींचा हिशेब एकमेकांत मिटला. चरबी हलकी आणि फुगीर असते, एका किलोला सुमारे एक लिटर शंभर मिलिलिटर जागा लागते. स्नायूला एक लिटरहून कमी. म्हणून अंगावरचे कपडे बदलले तरी काटा तसाच राहू शकतो.

"मग ते टक्के दाखवणारे काटे मिळतात, तो घेऊ या," अप्पांनी सुचवले. घ्यायला हरकत नाही, पण तो काटा चरबी मोजत नाही, हे मी स्पष्ट केले. तो एका तळपायातून दुसऱ्या तळपायाकडे अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतो. पाण्यातून प्रवाह सहज जातो, चरबीतून जात नाही, म्हणून अडथळ्यावरून पाण्याचा आणि त्यावरून वय, उंची व लिंग घालून उरलेल्याचा अंदाज बांधला जातो. तहानलेल्या अवस्थेत, व्यायामानंतर किंवा भरपूर पाणी प्यायल्यावर त्याचा आकडा बदलतो. डेक्सा तपासणीत क्ष-किरणांच्या दोन ऊर्जांनी चरबी, हाड आणि बाकीचे वेगळे करता येते आणि ती अधिक विश्वासार्ह आहे; मात्र तिच्याही 'बाकीच्यात' पाणी मोजलेले असते.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलीच मापे शेजारी शेजारी छापली होती, ती मला या वेळी आठवली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. आपल्याकडच्या माणसाने काट्यावर विसंबू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नानांच्या किडनीचा अहवाल सामान्य होता, तो आधी पाहून मग मी त्यांना रोज दोन वेळा घट्ट वरण, दही आणि एका जेवणात सोयाबीनची वडी किंवा पनीर घ्यायला सांगितले. आठवड्यातून तीन दिवस स्टुलावरून उठण्याचे तीन फेरे, मग हळूहळू हातात वजन घेऊन. वजन घटवायचे असेल तर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा अधिक नाही.

संक्रांतीच्या रविवारी नाना स्वतःची फीत घेऊन आले. वजन ७४.८ होते, म्हणजे आठशे ग्रॅम वाढलेले, कंबर ९३ आणि स्टुलाची वेळ अकरा सेकंद. अप्पांनी विचारले, की हे आठशे ग्रॅम स्नायू आहेत का. पुन्हा भात-पोळी सुरू केल्यामुळे आलेले ग्लायकोजेन आणि पाणीही त्यात असणार, किती ते मला सांगता येणार नाही, असे मी म्हणालो. कंबर तीन सेंटीमीटर कमी झाली आहे आणि नाना हाताचा आधार न घेता उठत आहेत, तेवढे मी खात्रीने सांगू शकतो. अप्पांनी ते आकडे वहीत लिहून घेतले आणि मग स्वतःच स्टूल पुढे ओढले.