लॉग अक्षावरची वाकलेली रेषा: एका प्रतिक्रियेला उत्तर

"जगाच्या लोकसंख्येचा आलेख तुम्ही लॉग अक्षावर काढलात आणि एवढी प्रचंड वाढ झोपवून टाकलीत. १ अब्जाचे ८ अब्ज झाले, तरी तुमची रेषा शेवटी सपाट होताना दिसते. बघणाऱ्याला वाटणार, वाढ संपली. साधा अक्ष का नाही घेतला?"

तुमच्या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे, त्याकडे शेवटी येतो. पण लॉग अक्ष मी मुद्दाम निवडला होता. त्याचं कारण असं, की या अक्षावरची उभी अंतरं किती भर पडली ते सांगत नाहीत, किती पट झाली ते सांगतात. १ पासून १० अब्जांपर्यंतची उंची १० सेंटिमीटर धरा. मग १ ते २ हे अंतर साधारण ३ सेंटिमीटर येतं, २ ते ४ हेही ३ आणि ४ ते ८ हेही ३. दुपटीची प्रत्येक पायरी सारख्याच उंचीची. त्यामुळे प्रत्येक पायरी चढायला किती वर्षं लागली, एवढंच पाहायचं उरतं.

जगाची लोकसंख्या १८०४ च्या सुमारास १ अब्ज होती. १९२७ च्या सुमारास २, १९७४ मध्ये ४ आणि २०२२ मध्ये ८ अब्ज झाली. म्हणजे पहिल्या दुपटीला १२३ वर्षं लागली, दुसरीला ४७ आणि तिसरीला ४८. सत्तरला या वर्षांनी भागलं की वार्षिक वाढीचा सरासरी दर ढोबळमानाने मिळतो: आधी ०.६ टक्के, मग दोन्ही वेळा दीड टक्क्याच्या आसपास. साध्या अक्षावर तिसरी पायरी दुसरीच्या दुप्पट उंच दिसली असती आणि वाढीचा वेगही दुप्पट झाला असं वाटलं असतं. तसं झालेलं नाही.

आता तुम्हाला खटकलेल्या वाकण्याकडे येऊ. १९२७, १९७४ आणि २०२२ हे तीन बिंदू लॉग अक्षावर जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. पट्टी ठेवून बघा. एवढेच बिंदू जोडले असते तर वाढीचा दर जवळजवळ शंभर वर्षं स्थिर राहिला असं दिसलं असतं. पण मधली वर्षं तपासा. त्या सरळ रेषेनुसार १९६० मध्ये सुमारे ३.२५ अब्ज लोक असायला हवे होते, प्रत्यक्षात ३ च होते. १९९९ मध्ये ५.७ अब्ज हवे होते, प्रत्यक्षात ६ झाले होते. म्हणजे खरी रेषा आधी पट्टीच्या खाली राहते, मग पट्टीच्या वर जाते. आधी ती अधिकाधिक चढी होत गेली आणि नंतर चढ कमी होत गेला. सर्वात मोठा चढ १९६० च्या दशकात आहे, तेव्हा दर २ टक्क्यांच्या थोडा वर होता. आज तो १ टक्क्याच्या खाली आहे. हे वळण साध्या अक्षावर डोळ्यांना सापडतच नाही, आणि मला तर नेमकं तेच दाखवायचं होतं.

मात्र चढ कमी झाला म्हणजे माणसं कमी वाढू लागली असं नाही. साडेतीन अब्जांचे २ टक्के ७ कोटी होतात आणि ८ अब्जांचा १ टक्काही ८ कोटी होतो. ३ वरून ४ अब्ज व्हायला १९६० पासून १४ वर्षं लागली, तर ६ वरून ७ अब्ज व्हायला १९९९ पासून फक्त १२. दर उतरत असताना भर मोठी होत होती. वाढ खरोखर थांबली तर रेषा पूर्ण आडवी होईल. ती अजून चढतीच आहे.

आता तुमचं बरोबर कुठे आहे ते. धान्य किती लागेल, घरं किती लागतील, असा प्रश्न असेल तर माणसांची संख्याच मोजावी लागते आणि तिथे साधाच अक्ष हवा. तो आलेख मी आता शेजारी जोडला आहे.

माझ्या मूळ चित्रात आणखी दोन दोष होते. अक्षावर फक्त १ आणि १० हेच आकडे होते. त्यांच्या बरोबर मधला बिंदू कोणीही साडेपाच म्हणून वाचेल, पण तिथे ३.१६ असतात. आता २, ४ आणि ८ च्या खुणा घातल्या आहेत. दुसरा दोष रेषेखाली भरलेल्या रंगाचा. लॉग अक्षावर शून्य येतच नाही, तळ कुठे ठेवायचा ते काढणारा ठरवतो, त्यामुळे त्या रंगीत भागाच्या आकाराला काहीच अर्थ नव्हता. तो रंग काढून टाकला आहे.

आणि रेषा किती 'सपाट' वाटते यावर जाऊ नका. चित्र आडवं ताणलं की कुठलीही रेषा सपाट दिसते. एकाच चित्रातले दोन चढ एकमेकांशी ताडून बघा, नाहीतर दुपटीची वर्षं मोजा.