तू नक्की कन्या राशीचा असणार!

रात्री साडेदहाला ज्याच्याशी बोलायला आवडतं अशा माणसाचा ‘काय करतेस’ असा मेसेज येतो, आपण ‘काही नाही, तू?’ लिहितो, तिकडून ‘सेम’ येतं आणि संपलं. दोघंही ऑनलाइन, दोघांनाही झोपायचं नाहीये, गुड नाइट कोणीच म्हणत नाही आणि बोलायला मात्र काडीचं काही नाही. मग कोणीतरी एक जण ‘हम्म’ पाठवतो. ‘हम्म’ला उत्तर काय द्यायचं हे आजवर कोणालाही कळलेलं नाही.

अशा वेळी राशी कामाला येतात. माझा राशींवर विश्वास आहे का? अजिबात नाही. मी रोज राशिभविष्य वाचते का? हो, पण ते वेगळं.

आता राशीचा विषय काढायचा म्हणजे बहुतेक लोक काय करतात तर सरळ विचारतात, ‘तुझी रास कोणती?’ समोरून येतं ‘वृश्चिक’. आपण लिहितो ‘अच्छा’. पुढे काय? परत हम्म! हा प्रश्न फॉर्म भरल्यासारखा आहे, एका शब्दात उत्तर मिळतं आणि रकाना भरला की विषय बंद. त्यापेक्षा विचारायचंच नाही, ठोकून द्यायचं. ‘तू नक्की कन्या राशीचा असणार.’ यावर जगातला कुठलाही माणूस ‘का?’ विचारल्याशिवाय राहत नाही, आणि आपल्याला तो ‘का?’च हवा असतो. समोरच्याने प्रश्न विचारला म्हणजे आता बोलायची पाळी आपली, आणि विषय कोण तर तो स्वतः. स्वतःबद्दल ऐकायचा कंटाळा आलेला माणूस मला तरी अजून भेटायचाय.

फक्त त्या ‘का?’ला द्यायला कारण तयार पाहिजे आणि ते राशीच्या पुस्तकातलं नको, त्याच्या वागण्यातलं पाहिजे. आमच्या या साहेबांचं झालं असं की मी घाईत ‘आणी’ लिहिलं होतं आणि याने खाली फक्त ‘*आणि’ असं पाठवलं. आधीच्या मेसेजमध्ये मी माझ्या दिवसाची अख्खी रामकहाणी सांगितलेली आणि याला दिसली काय तर वेलांटी! म्हणून मी कन्या म्हणलं, कारण चुका काढणं, टापटीप, बारीकसारीक गोष्टींत डोकं घालणं हे सगळं कन्येच्या खात्यावर लिहिलेलं असतं हे राशी न मानणाऱ्यांनाही माहीत असतं. पण खरी गंमत रास बरोबर यायची नसतेच, त्या निमित्ताने त्याला कळतं की ही बाई आपले मेसेज नीट वाचते आणि लक्षात ठेवते. हे सरळ सांगायला गेलं तर किती ऑकवर्ड वाटेल बघा, ‘मी तुझे मेसेज दोन-दोनदा वाचते’, छे! राशीच्या आडून सांगितलं की चालून जातं.

तर तिकडून उत्तर आलं, ‘चूक. वृश्चिक.’

मी म्हणलं शक्यच नाही, वाढदिवस कधी असतो? ‘5 सप्टेंबर.’ मग कन्याच की रे! ‘आई म्हणते वृश्चिक, पत्रिकेत आहे.’ आणि इथून जे सुरू झालं ते रात्री एकपर्यंत चाललं. (वाढदिवस कळला ही वरकमाई.)

असंय की वाढदिवसावरून जी रास काढतात ती सूर्याची, पाश्चात्य पद्धतीची, त्यात साधारण 23 ऑगस्ट ते 22 सप्टेंबर म्हणजे कन्या. आपल्या पत्रिकेतली रास चंद्राची, आणि चंद्र एका राशीत जेमतेम सव्वादोन दिवस टिकतो, त्यामुळे नुसत्या वाढदिवसावरून ती कळतच नाही, साल लागतं, बऱ्याचदा वेळही लागते. त्यात आणखी एक पाचर म्हणजे पाश्चात्य लोक राशी मोजायला वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून सुरुवात करतात आणि आपलं पंचांग ताऱ्यांवरून मोजतं, आणि या दोन मोजण्यांत आता साधारण 24 अंशांचा फरक पडलाय. म्हणून तिकडचा सूर्य मकरेत जातो 22 डिसेंबरच्या आसपास आणि आपली मकरसंक्रांत येते जानेवारीच्या मध्यावर. याच हिशोबाने 5 सप्टेंबरला आपल्या पंचांगातला सूर्य अजून सिंहेतच असतो. म्हणजे या एका माणसाच्या वाट्याला राशी आल्या तीन, कन्या, सिंह आणि वृश्चिक!

मी लगेच वाटणी करून टाकली. वेलांट्या दुरुस्त करतो तेव्हा तू कन्या, मेसेजला उशिरा उत्तर देऊन वर ‘बिझी होतो’ म्हणतोस तेव्हा सिंह, आणि मी दुसऱ्या कोणाच्या फोटोवर कमेंट केली की ‘हा कोण?’ विचारतोस तेव्हा वृश्चिक. त्यावर तो म्हणाला, ‘मी असं कधी विचारलं?’ मी म्हणलं मंगळवारी. मग बराच वेळ नुसतं टायपिंग दिसत राहिलं आणि शेवटी आलं, ‘ते सहज विचारलं होतं.’ सहज म्हणे!

एक मात्र आहे, जन्मवेळ आणि जन्मस्थळ विचारायच्या भानगडीत पडू नये. रास विचारणं म्हणजे टाइमपास, जन्मवेळ विचारली की समोरच्याला वाटतं घरी बोलणी सुरू झाली. आणि मंगळ तर चुकूनही काढायचा नाही, त्या ग्रहाला विनोद कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने उत्साहात मला वृश्चिक राशीचं लांबलचक वर्णन धाडलं, म्हणे हे पाठव त्याला. पाठवलं. ‘तुम्ही बाहेरून कणखर दिसता पण आतून हळवे आहात, तुमच्यातल्या बऱ्याच क्षमता अजून वापरल्याच गेलेल्या नाहीत’ वगैरे. त्याचं उत्तर, ‘अरे अगदी मीच!’ आणि ठप्प. मी पुढे काय लिहिणार, अभिनंदन? असली वर्णनं सगळ्यांनाच पटतात हीच त्यांची गोची आहे. फोरर नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा’ म्हणून रिपोर्ट दिला, पोरांनी तो किती अचूक वाटतो याला पाचपैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले आणि मग कळलं की सगळ्यांना एकच कागद वाटला होता, त्यातली वाक्यंही बरीचशी राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली! मानसशास्त्रवाल्यांना यात माणसाचा भोळेपणा दिसला असेल, मला वेगळंच दिसतं, की माणूस ‘अगदी मीच’ म्हणाला की त्याला पुढे बोलायचं काही उरत नाही. चॅट चालते ती ‘ए, मी असा नाहीये हां’ यावर. म्हणून वाक्य असं पाहिजे जे खोटं ठरू शकेल. ‘तू हळवा आहेस’ उपयोगाचं नाही, ‘तू हॉटेलात मेनूकार्ड शेवटच्या पानापर्यंत वाचून नेहमीचंच मागवत असणार’ हे चालतं, त्यावर भांडता येतं.

आणि चिडवायचं ते अशाच गोष्टींवरून. उशीर, आळस, वेलांट्या, वस्तू हरवणं. ‘वृश्चिकवाले सूड घेतात, तुझ्या आधीच्या मुलीने म्हणूनच सोडलं असणार’ ही चेष्टा नाही, हा बाण आहे आणि तो परत घेता येत नाही. तसंच ते दोन राशी टाकून टक्के काढणारं जे प्रकरण असतं त्याच्या वाटेला आपण होऊन जाऊ नये. 91 आले तर दोघंही लाजून गप्प आणि 34 आले तर दोघंही हसतात, पण तो आकडा नंतर डोक्यात घुमत राहतो, मानत नसलो तरी!

राशी पुरतात किती, तर दोन-तीन रात्री. संपत आल्याचं लगेच कळतं, आपण चार ओळी लिहितो आणि तिकडून नुसता हसरा चेहरा येतो, ‘आणि तू?’ यायचं बंद होतं. तेव्हा मी पर्सनॅलिटी टेस्ट काढली, ती चार अक्षरांची, सोळा प्रकारांत अख्खी मानवजात बसवणारी. मूळ कल्पना कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाची, त्यावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल या मायलेकींनी ही पद्धत बसवली. नेटवर तिच्या फुकट भावंडांचा सुकाळ आहे. नेहमीसारखं आपापली टेस्ट देऊन अक्षरं एकमेकांना सांगितली तर परत तेच, ‘आयएनएफपी’, ‘अच्छा’. म्हणून मी म्हणलं, तुझी टेस्ट मी देते, माझी तू दे.

हे फार जहाल निघालं. ‘अनोळखी लोकांशी तुम्ही स्वतःहून बोलता’ या वाक्यावर त्याने माझ्या नावाने थेट ‘अजिबात नाही’ दाबलं. मी म्हणलं हे काय, मी बोलते की सगळ्यांशी! तो म्हणाला, ‘पहिला मेसेज कोणी केला होता?’ मी वर जाऊन बघायच्या आत त्याने स्क्रीनशॉट पाठवला, म्हणजे तो काढून ठेवलेला होता. कन्या, कन्या, कन्या! त्याच्या बाबतीत ‘ठरवल्याप्रमाणे कामं करता’ला मी पूर्ण होकार दिला तर तो रुसला, म्हणे मी इतका बोअरिंग नाही, मग न ठरवता केलेल्या गोष्टी सांगत बसला, त्यातली एक खरंच भारी होती आणि ती मी इथे सांगणार नाही.

शेवटी माझ्या मते तो अंतर्मुख निघाला आणि त्याच्या स्वतःच्या मते बहिर्मुख. यात नवल काही नाही, या टेस्ट मधोमध रेघ मारतात, रेघेच्या थोडं अलीकडे असलात तर एक अक्षर आणि थोडं पलीकडे गेलात तर दुसरं, म्हणून महिन्याभराने परत दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. शास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच दोष, आमच्या दृष्टीने पुढच्या महिन्याची सोय.

पण तेवढी वेळ आली नाही. काल रात्री त्यानेच क्विझ पाठवली, स्वतः बनवलेली. पहिले चार प्रश्न माझी टिंगल होती, ‘तुम्ही आणि कसं लिहिता’ वगैरे. पाचवा होता, ‘शनिवारी संध्याकाळी भेटायचं झालं तर तुम्ही : अ) लगेच हो म्हणाल, ब) तुमची रास मिथुन असल्यामुळे आधी हो म्हणून मग विचार बदलाल.’

मी ‘क’ पाठवलं.

‘क नाहीये.’

‘मग विचार ना, का ते.’