शेवटून दुसरा

गेल्या वर्षी माझा गुडघा दुखावला, तेव्हा मला वाटले होते की निदान काही महिने तरी मैदानाबाहेर शांतपणे बसता येईल. पण बागेतल्या मैदानावरच्या सामन्यांत रेफरी एकच असतो, आणि जो लंगडतो त्याच्या हातात लाइन्समनचा झेंडा देण्याची प्रथा असते. आमच्याकडे झेंडा नव्हता, म्हणून कोणाचा तरी पिवळा टीशर्ट काठीला बांधून माझ्याकडे सोपवण्यात आला. त्या दिवसापासून माझी रविवारची विश्रांती संपली.

मी बारा वर्षे फुटबॉल खेळलो असलो, तरी ऑफसाइडचा नियम मला येत नव्हता. मी बचावपटू होतो, आणि बचावपटूला हात वर करून ओरडता आले की पुरते. "गोलकीपरच्या पुढे आमचा एक माणूस होता की नाही, एवढेच बघायचे," असा माझा समज होता, आणि तो बहुतेक वेळा बरोबर ठरायचा, हीच त्यातली मेख होती.

नियम पाहायचा तो एका माणसावर नजर ठेवून: शेवटून दुसरा. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात असलेला आघाडीचा खेळाडू चेंडूच्याही पुढे असेल, आणि समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी आहे. डोके, धड आणि पाय मोजायचे, हात मोजायचे नाहीत. आणि त्या माणसाच्या अगदी रेषेत असेल तर तो सुटला. शेवटचा खेळाडू सहसा गोलकीपर असतो, त्यामुळे शेवटून दुसरा म्हणजे 'सर्वांत मागचा बचावपटू' असे आपण सोयीने धरून चालतो. नियमात मात्र त्यांतला एक गोलकीपरच असावा अशी अट नाही. त्यात फक्त दोन माणसे मोजलेली आहेत. १९२५ पर्यंत तर तीन मोजावी लागत, यावरून त्या काळच्या लाइन्समनच्या प्रकृतीची कल्पना करावी.

दुसरी अडचण डोळ्यांची. खेळाडू कोठे होता हे पाहायचे ते सोबत्याचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी, चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा नव्हे. समजा, आमचा आघाडीवीर सेकंदाला सात मीटर वेगाने गोलकडे धावतो आहे आणि समोरचा बचावपटू तीन मीटर वेगाने उलट दिशेने पुढे सरकतो आहे. पास मारणाऱ्याच्या पायावरून नजर काढून या दोघांकडे वळवायला मला सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर तेवढ्यात दोघांमध्ये दोन मीटरचे अंतर पडलेले असते. पास निघताना दोघे एका रेषेत होते, पण मला दिसतो तो दोन मीटर पुढे गेलेला गुन्हेगार. म्हणून मी आता शेवटून दुसऱ्याच्या रेषेत उभा राहतो, नजर त्याच्यावरच ठेवतो आणि पासचा 'ठप्' असा आवाज कानांनी टिपतो. वारा सुटला की माझे सगळे निर्णय संशयास्पद होतात, हे मी येथेच कबूल करतो.

आता त्या रविवारची गोष्ट. १-१ अशी बरोबरी होती आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. माझ्या शेजारी आमच्या डाव्या विंगरचे वडील उभे होते. ते प्रथमच सामना पाहायला आले होते आणि दर मिनिटाला एक प्रश्न विचारत होते. कॉर्नरवरून चेंडू आला, समोरचा गोलकीपर तो ठोसा मारून घालवायला पुढे झेपावला, त्याचा ठोसा हवेतच गेला आणि तो पेनल्टी स्पॉटजवळ पालथा पडला. आमच्या उंच खेळाडूने चेंडू डोक्याने पुढे ढकलला, आणि गोलरेषेपासून दोन पावलांवर ताटकळत असलेल्या आमच्या आघाडीवीराने तो आत टाकला. गोलपोस्टला चिकटून समोरचा एक बचावपटू उभा होता. मैदानात नाच सुरू झाला, आणि मी टीशर्ट वर केला.

माझ्याच संघाचे दहा जण माझ्याकडे धावत आले. "पोस्टजवळचा माणूस दिसला नाही का?" हा पहिला प्रश्न, आणि "कॉर्नरवर ऑफसाइड नसतोच!" हा दुसरा. दोन्ही प्रश्नांत अर्धे अर्धे सत्य होते, आणि अर्ध्या सत्याशी भांडताना दम जास्त लागतो. कॉर्नर, थ्रो-इन किंवा गोल किक यांच्यावरून चेंडू थेट आला तर ऑफसाइड नसतो हे खरे. पण आमच्या उंच गड्याचे डोके चेंडूला लागले आणि त्या क्षणी हिशेब नव्याने सुरू झाला. आणि त्या क्षणी गोलकीपर आमच्या आघाडीवीराच्या मागे गवतात पडलेला होता, त्यामुळे पोस्टजवळचा माणूस हा शेवटून पहिला झाला. शेवटून दुसरा शोधायचा तर पार गोलकीपरपर्यंत मागे यावे लागत होते.

मी त्यांना ११ जून २०१० चा दाखला दिला. त्या दिवशी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध मेक्सिकोच्या कार्लोस वेलाचा गोल अगदी याच कारणाने नाकारला गेला होता: कॉर्नर, पुढे आलेला गोलकीपर, सोबत्याचा मधला स्पर्श आणि गोलजवळ उरलेला एकच बचावपटू. तो निर्णय बरोबर होता. "तो सामनासुद्धा १-१च सुटला," असे मी जोडले, पण त्याने कोणाचे समाधान झाले नाही.

रेफरीने समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक दिली. माझ्या शेजारच्या, विंगरच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी मात्र सगळे लक्षपूर्वक ऐकले होते. "म्हणजे त्याच्या पुढे समोरचे दोन जण हवेत, मग ते कोणीही असोत," ते म्हणाले. इतके स्वच्छ विधान त्या मैदानावर आजवर कोणी केले नव्हते, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

तो अभिमान अर्धा मिनिट टिकला. आमचा आघाडीवीर माझ्या नावाने बोटे मोडत पेनल्टी क्षेत्राबाहेर परतत होता, समोरचे सगळे बचावपटू हाफलाइनच्या दिशेने निघून गेले होते, आणि गोलकीपरने घाईत घेतलेली फ्री किक बुटाच्या कडेला लागून थेट आमच्या त्याच आघाडीवीराच्या पायाशी आली. त्याने सवयीने वळून चेंडू रिकाम्या गोलमध्ये सारला, आणि आनंद न करता प्रथम माझ्या टीशर्टकडे पाहिले. टीशर्ट खाली होता.

"अहो, करा ना वर!" काका कळवळून म्हणाले. "आता तर त्याच्या पुढे एकटा गोलकीपर होता! तुम्हीच शिकवलेत ना?"

"काका, त्याला चेंडू कोणी दिला?"

"गोलकीपरने."

"आणि गोलकीपर कोणाचा?"

ऑफसाइडची जागा हा गुन्हा नसतो. तेथे असताना सोबत्याने मारलेल्या चेंडूत हात घातला, म्हणजे खरे तर पाय घातला, तर तो होतो. समोरच्याने आपणहून मारलेला चेंडू पायात आला, तर कोठेही उभे राहावे. हे मी समजावत असताना समोरचा संघ पूर्ण ताकदीने माझ्याकडे येत होता, आणि माझा संघ, ज्याने पाच मिनिटांपूर्वी माझी अक्कल काढली होती, तो माझ्याभोवती कडे करून "लाइन्समनला नियम पाठ आहे" असे ओरडत होता.

काका दोन पावले मागे सरकले. "पुढच्या रविवारी मी येईन," ते म्हणाले, "पण तुमच्या शेजारी उभा राहणार नाही."