थकलेले बिल आणि मध्येच बदललेला प्लॅन: एका प्रतिक्रियेला उत्तर

«थकबाकी असताना ग्राहकाला वरचा प्लॅन घेऊ देऊ नये, हा तुमचा सल्ला पैसे द्यायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणारा आहे. आम्ही जुने बिल रद्द करतो, फरक घेतो आणि पुढे जातो. आजवर काही बिघडलेले नाही.»

सप्रेम नमस्कार.

ग्राहकाला अडवू नये हे मला पटते आणि माझ्या लेखातील ते वाक्य मी मागे घेतो. मात्र तुमच्या पद्धतीत पैसे गळतात, आणि ते सहज दिसत नाहीत.

समजा, ग्राहकाचा प्लॅन महिना ६०० रुपयांचा आहे. १ जूनची वसुली फसली, तरी आपण त्याची सेवा चालू ठेवली. ११ जूनला, ३० पैकी २० दिवस उरलेले असताना, तो १,५०० रुपयांचा प्लॅन घेतो. प्रणाली नव्या प्लॅनचे २० दिवसांचे १,००० रुपये लावते, जुन्याचे न वापरलेले ४०० वजा करते आणि ६०० रुपये मागते. ही वजावट १ जूनचे पैसे आले आहेत असे धरून चालते. ते बिलच रद्द केले, तर न भरलेल्या पैशांतले ४०० रुपये आपण ग्राहकाला परत देतो आणि पहिल्या १० दिवसांचे २०० रुपयेही सोडतो. सेवा १,२०० रुपयांची झाली, हाती ६०० आले. रद्द केलेल्या बिलांच्या ग्राहकांची पुढची बिले काढून त्यांत अशी वजावट आहे का, हे एकदा पाहावे.

माझ्या मते वजावट फक्त प्रत्यक्ष भरलेल्या रकमेतूनच द्यावी. येथे भरलेले काहीच नाही, म्हणून क्रेडिट नोट काढून जुने बिल २०० रुपयांवर आणावे, नवे १,००० रुपयांचे करावे आणि दोन्ही मिळून १,२०० रुपये ग्राहक समोर असतानाच घ्यावेत. २०० रुपये माफ करायचे असतील तर जरूर करावेत, पण ते जाणूनबुजून आणि नोंद ठेवून.

त्याआधी जुन्या बिलाचे पुढचे पुनर्प्रयत्न थांबवणे आवश्यक आहे. एखादा प्रयत्न बँकेकडे जाऊन उत्तर यायचे असेल, तर ते येईपर्यंत बिलाला हात लावू नये. मी सांभाळत असलेल्या एका प्रणालीत बिल रद्द झाल्यावर त्याच बिलाची रक्कम जमा झाली होती, आणि ग्राहकाने विचारेपर्यंत ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

राहिला मँडेटचा, म्हणजे आपोआप वसुलीसाठी ग्राहकाने दिलेल्या मंजुरीचा प्रश्न. ग्राहकाने यूपीआय ऑटोपेला १,००० रुपयांची कमाल मर्यादा दिली असेल, तर १ जुलैची १,५०० रुपयांची वसुली कितीही वेळा करून पाहिली तरी नाकारलीच जाईल, मग खात्यात पैसे असोत वा नसोत. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीची सूचना किमान २४ तास आधी जावी लागते. म्हणून वाढीव मर्यादेची मंजुरी ११ जूनलाच, प्लॅन बदलण्याच्या त्याच पडद्यावर घ्यावी.