दारात ठेवा म्हणजे नक्की कोणाच्या दारात?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. ज्यांना वेळ नसेल त्यांनी सोडून द्या.

बाबांसाठी मोबाइल मागवला होता. उद्या रात्रीच्या कोकणकन्येने कणकवलीला जायचंय, म्हणून मुद्दाम आजचा सकाळी १० ते १ चा स्लॉट घेतला, ऑफिसला हाफ डे टाकला आणि घरी बसून राहिले. एक वाजला तरी कोणी नाही. दीडला निघाले. निघताना ॲपमध्ये ‘दारात ठेवा’ हा पर्याय टाकला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

पावणेचारला भर गाडीत फोन. मागे कोणीतरी ‘घाटकोपर उतरणार का?’ विचारतंय, इकडे हा म्हणतोय, “मॅडम, ओटीपी बोला.” बोलले. पाच मिनिटांत ॲपवर ‘डिलिव्हर्ड’ आणि एक फोटो. फोटोत आमचा बॉक्स, खाली तपकिरी पायपुसणं, बाजूला मान टाकलेली तुळस. आमच्या दारात तुळस नाही हो! आमच्या दारात चपलांचा ढीग आहे.

कस्टमर केअरचं उत्तर काय, तर ओटीपी जुळला आहे, म्हणजे वस्तू तुमच्या हातात पडली आहे. तीनदा तेच. फोटो तुमच्याच माणसाने काढलाय, दार माझं नाही, हे सांगून घसा बसला.

आणि इथेच माझी गाढवपणाची जागा आहे. ओटीपी ही वस्तू हातात पडल्याची पोच असते, सही केल्यासारखी. ‘दारात ठेवा’ म्हणजे हातात देऊ नका. ही दोन टोकं एकत्र बांधताच येत नाहीत. फोनवर आकडे सांगितले तेव्हा पार्सल मी पाहिलंही नव्हतं, आणि माझ्याकडचं एकमेव हत्यार मी घाटकोपरला देऊन बसले. समोरच्या काकूंना सांगायला हवं होतं की आधी बॉक्स हातात घ्या, नाव वाचा आणि मग मला फोन करा, तेव्हा ओटीपी सांगते. तेवढंच माझ्या हातात होतं.

स्लॉट? तो आपल्या हातात नाहीच. आपण फक्त पसंती कळवतो. सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दिसलं म्हणजे बॉक्स पिशवीत पडला, एवढंच. त्याआधी किती बिल्डिंगा लागल्यात, कुठली लिफ्ट बंद आहे, कुठल्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलंय, यावर आपला ‘१ वाजता’ कधी वाजणार ते ठरतं. मान्य, त्या पोराच्या पाठीवर आख्ख्या मुलुंडचं ओझं असतं. पण मग १० ते १ असं छातीठोक दाखवता कशाला? ‘आज कधीतरी’ लिहा, मी हाफ डे घालवणार नाही.

संध्याकाळी त्या पोराला फोन लावून मी बरंच सुनावलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, लेबलवर फक्त ४०३ होतं. विंग नव्हती. बी विंगचा गेट आधी लागतो.”

गप्प बसले. पत्ता उघडून बघितला. पहिल्या ओळीत फ्लॅट आणि सोसायटी, ‘ए विंग’ मी खाली लँडमार्कच्या रकान्यात लिहिलेली, शाळेच्या नावाशेजारी. लेबलवर ती आलीच नाही. ‘दारात ठेवा’ हे ॲपला कळलं होतं, दार कुठलं ते कागदाला कळलं नव्हतं. आता पहिल्याच ओळीत ‘ए-४०३, ए विंग, चौथा मजला’ असं टाकलंय. दोनदा लिहिलंय, हो, मुद्दाम.

तरी कंपनीचा राग गेलेला नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. फोटो आणि पत्त्याचा स्क्रीनशॉट जोडून मी तक्रार केलीच आहे. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. चूक अर्धी माझी आहे, पण दुसऱ्याच दाराचा फोटो बघूनही ‘जुळला’ म्हणणारा अर्धा भाग त्यांचा.

हां, मोबाइल मिळाला. फोटो बघत बघत बी विंगच्या चौथ्या मजल्यावर गेले, तपकिरी पायपुसण्यावर बॉक्स तसाच. बी-४०३ वाले नाशिकला गेलेत, दार चार दिवस बंद. मुंबईत पाच तास बॉक्स उघड्यावर राहिला आणि कोणी हात लावला नाही, हे नशीब.

बी-४०३ च्या काकूंना फोन करून सांगितलं, तुमच्या दारातून आमचं पार्सल उचललंय. त्या म्हणाल्या, “बरं झालं गेलीस. तुळशीला तांब्याभर पाणी घालशील का गं?”

घातलं.