दुर्लक्ष केल्याने थांबत नाही

"कुणाला तुम्ही आवडत असाल पण तुमच्या मनात काही नसेल तर दुर्लक्ष करा, समोरचा आपोआप थांबेल."

नाही थांबत हो. आमच्या ऑफिसमधला एक जण रोज रात्री 'पोचलीस का' विचारायचा आणि मी फक्त स्मायली टाकायचे, मला वाटायचं हेच दुर्लक्ष, पण त्याच्यासाठी ते रोजचं उत्तरच होतं ना, तीन महिने चाललं असं. आणि मनात काही नाही हे तरी आपल्याला कुठे लगेच कळतं? मला कळलं ते डबा खाताना. कुणीतरी विचारलं रविवारी काय केलंस, मी बॉयफ्रेंडबरोबर सिंहगडला गेले होते, पण तो ऑफिसमधला समोर बसलेला म्हणून तोंडातून निघालं "मैत्रिणींबरोबर". घास तसाच हातात राहिला माझा. प्रेम वगैरे नव्हतं त्याच्याबद्दल, पण कुणीतरी आपली वाट बघतंय हे आवडत होतं, कारण घरी माझं आणि बॉयफ्रेंडचं बोलणं भाडं आणि किराणा एवढ्यावरच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की मी चार वर्षं रिलेशनमध्ये आहे, आणि ते नसतं तरी मला यात पुढे जायचं नाही, रात्रीचे मेसेज बंद कर. हे दुसरं वाक्य मुद्दाम, नुसतं 'बॉयफ्रेंड आहे' म्हटलं की समोरचा ब्रेकअपची वाट बघत बसतो. आठवडाभर तो नीट बोलला नाही, मग कामापुरतं सुरू झालं. घरी त्या खोट्यासकट सगळं सांगितलं, अवघड गेलं, पण त्या रात्री आम्ही कितीतरी दिवसांनी दोन वाजेपर्यंत बोलत बसलो.